शेवटची ओळ वाचता येते, तरी माणूस लोकांना धडकतो: पिट्युटरीची गाठ आणि फील्ड टेस्ट

प्रश्न: माझे बाबा ५४ वर्षांचे आहेत. गेलं वर्षभर रस्त्यात लोकांना धडकतात, दाराच्या चौकटीला खांदा लागतो. सुरुवातीला आम्ही थट्टाच केली. चष्म्याचा नंबर तपासला तर दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ वाचली. आता दुसऱ्या डॉक्टरांनी फील्ड टेस्ट केली आणि रिपोर्ट बघताच पिट्युटरीचा एमआरआय करून आणा म्हणाले. डोळे चांगले असताना मेंदूचा एमआरआय कशाला? कागदावरच्या काळ्या डागांवरून गाठ आहे हे कसं कळतं? आणि गाठ निघालीच तर नजर परत येते का?

उत्तर:

एमआरआय करून घ्या, आणि जमल्यास याच आठवड्यात. तुमच्या डॉक्टरांना गाठ दिसलेली नाही. त्यांना दिसलंय ते एवढंच, की बाबांची नजर एका विशिष्ट पद्धतीने कमी झाली आहे, आणि तशी ती कमी व्हायला डोळ्यांच्या मागची एक ठराविक जागा दाबली जावी लागते. ती जागा पिट्युटरी ग्रंथीच्या बरोबर वर आहे. ती कुणी दाबली आहे, हे एमआरआय सांगेल.

आधी त्या शेवटच्या ओळीचं बघू, कारण बहुतेक घरांत वर्षभराचा उशीर तिथेच होतो. तक्त्यावरची अक्षरं वाचताना आपण डोळ्याच्या पडद्याचा अगदी मधला, छोटासा भाग वापरतो. तो शाबूत असेल तर ६/६ येतं. पण एका डोळ्याने आपल्याला नाकाच्या बाजूला साधारण ६० अंशांपर्यंत आणि कानाच्या बाजूला ९० अंशांच्याही थोडं पुढे दिसत असतं. या सगळ्या पसाऱ्याबद्दल तक्ता काहीच सांगत नाही. तुमच्या बाबांचा मधला भाग ठीक आहे, कडेचा गेलाय. धडकतोय माणूस तो कडेच्या नजरेअभावी.

आता दोन्ही बाजूंचंच का जातं, ते बघा. प्रत्येक डोळ्याच्या पडद्याचे दोन अर्धे भाग असतात. नाकाकडचा अर्धा भाग बाहेरचं, म्हणजे कानाच्या बाजूचं बघतो आणि कानाकडचा अर्धा भाग नाकाच्या बाजूचं बघतो, कारण प्रकाशाचे किरण आत जाताना एकमेकांना छेदून उलट बाजूला पडतात. दोन्ही डोळ्यांच्या नसा मागे जाऊन एकमेकींना भेटतात तिथे फुली तयार होते. तिला कायाझम म्हणतात. या फुलीत प्रत्येक डोळ्याच्या नाकाकडच्या अर्ध्या भागाचे तंतू पलीकडे जातात आणि कानाकडचे तंतू आपापल्या बाजूने सरळ जातात. म्हणजे फुलीच्या नेमक्या मध्यभागी जे तंतू एकमेकांना ओलांडतात, ते सगळे बाहेरची नजर आणणारे असतात, उजव्या डोळ्याचे आणि डाव्याचेही. मध्यभाग दाबला की दोन्ही डोळ्यांची बाहेरची नजर एकत्रच कमी होते. शरीरात दुसरी अशी जागा नाही, जिथे एकाच धक्क्यात दोन्ही बाहेरच्या बाजू जातील आणि आतल्या राहतील.

पिट्युटरी या फुलीच्या खाली, हाडाच्या एका खळग्यात बसलेली असते. ग्रंथी आणि फुली यांच्यात साधारण १ सेंटिमीटरची मोकळी जागा असते. म्हणून लहान गाठ नजरेला हातही लावत नाही. ती खळग्यातून वर डोकावून ही जागा भरून काढते तेव्हाच फुलीला खालून रेटा बसतो. खालून रेटा आला तर आधी फुलीतले खालचे तंतू दबतात. ते पडद्याच्या खालच्या भागातून आलेले असतात, आणि पडद्याचा खालचा भाग वरचं बघतो. म्हणून सुरुवात बहुधा वरच्या बाहेरच्या कोपऱ्यांपासून होते. स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटाचं उघडं दार कपाळाला लागणं, बसमधली दांडी न दिसणं, असल्या तक्रारी आधी असतात. पुढे खालचा भागही जातो, मग शेजारून चालणारी माणसं, उंबऱ्यापाशी बसलेलं मूल, जिन्याची कडेची पायरी चुकते.

दोन्ही डोळे उघडे असताना नेमकं किती जातं, हा हिशेब फार कमी लोक मांडतात. बाहेरच्या बाजू पूर्ण गेल्या तरी उजवा डोळा त्याच्या नाकाकडचं, म्हणजे डावीकडचं ६० अंश बघतो आणि डावा डोळा उजवीकडचं ६० अंश. मिळून समोरचे १२० अंश उरतात. आधी १८० हून जास्त होते. टांग्याच्या घोड्याच्या डोळ्यांना झापडं लावतात तसं होतं, फक्त झापड दिसत नाही. जे दिसत नाही तिथे काळं दिसतं असं नाही, तिथे काहीच नसतं, आणि त्यामुळे काहीतरी नाही हेही कळत नाही. गाठ महिनोन्‌महिने हळूहळू वाढते, म्हणून तुलनेला कालची नजर शिल्लक राहत नाही. रुग्ण स्वतः ‘मला बाजूचं दिसत नाही’ असं क्वचितच सांगतो. ते सांगते बायको, किंवा स्कूटरच्या दोन्ही बाजूंवरचे ओरखडे.

यातून दुसरी गोष्ट निघते. दोन्ही डोळे उघडे ठेवून तपासलं तर निम्मा आजार लपतो. एका डोळ्याचा आंधळा भाग दुसरा डोळा भरून काढत असतो. एकेक डोळा झाकूनच बघावं लागतं.

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आजाराचा क्रम तोच ठेवला आहे. सोलापूरकडचे एक शिंपीकाका, वय ५१. तक्रार काय, तर सुईत दोरा ओवता येत नाही. चाळिशीच्या चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला होता. मी विचारलं, दोरा अंधुक दिसतो का? म्हणाले, ‘दोरा स्वच्छ दिसतो डॉक्टर, पण दोऱ्याकडं बघितलं की पलीकडची सुई गायब होते.’ हे वाक्य माझ्या लेखी कुठल्याही मशीनच्या रिपोर्टइतकं मोलाचं होतं.

कारण असं, की जवळच्या वस्तूकडे बघताना दोन्ही डोळे आत वळतात आणि त्यांच्या नजरेच्या रेषा त्या वस्तूपाशी एकमेकींना छेदून पलीकडे फाकतात. बाहेरची नजर गेलेल्या माणसाचा उजवा डोळा आपल्या रेषेच्या डावीकडचंच बघतो आणि डावा डोळा आपल्या रेषेच्या उजवीकडचं. वस्तूच्या पलीकडे, फाकलेल्या दोन रेषांच्या मधोमध जो त्रिकोण राहतो, तो कुठल्याच डोळ्याच्या वाट्याला येत नाही. सुई तिथे होती. नखं कापताना, शिवणयंत्राच्या सुईपुढचं कापड बघताना, स्क्रू पिळताना हेच होतं. काहींना वाचताना ओळ मध्येच तुटल्यासारखी वाटते, किंवा दोन अर्धे भाग एकमेकांवर सरकतात आणि दोन-दोन दिसतं, कारण दोन्ही डोळ्यांच्या उरलेल्या नजरेत एकमेकांना जोडून धरायला सामायिक भागच नसतो. हे ऐकून बऱ्याचदा पुन्हा चष्म्याचाच नंबर बदलला जातो.

काकांनी तक्ता वाचला. उजव्या डोळ्याने ६/६, पण ओळीतली शेवटची, म्हणजे उजवीकडची अक्षरं ते गाळत होते. डाव्या डोळ्याने ६/९, आणि तिथे ओळीची सुरुवात सापडत नव्हती. तक्ता तपासणाऱ्याने फक्त आकडा लिहिला तर हे हरवतं. कुठली अक्षरं गाळली हेही लिहायला हवं, आणि आमच्याकडे नव्याने येणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टना मी हे पहिल्या आठवड्यातच सांगतो.

मग मी त्यांच्यासमोर हातभर अंतरावर बसलो. डावा डोळा तळहाताने झाकायला लावला, उजव्याने माझ्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि चारही कोपऱ्यांत एकेक, दोन-दोन बोटं दाखवून मोजायला लावली. वर बाहेरच्या बाजूला चुकले, बाकी तीन कोपऱ्यांत बरोबर. नंतर बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांच्या बाटलीचं लाल झाकण घेतलं. आधी त्यांच्या नाकाच्या बाजूला धरलं: लाल. मग मधली उभी रेषा ओलांडून कानाच्या बाजूला नेलं: ‘विटकं झालं, मातकट.’ पुन्हा अलीकडे आणलं: लाल. रंग बदलण्याची जागा बरोबर मध्यावर होती. डाव्या डोळ्यालाही तसंच, दुसऱ्या बाजूला. रंगाची जाण बोटं मोजण्याआधी कमी होते, म्हणून हे झाकण बोटांपेक्षा लवकर चोरी पकडतं. या सगळ्याला ५ मिनिटंही लागली नाहीत. खरं सांगायचं तर तेवढ्यावरच निदानाची दिशा ठरली होती, पुढच्या तपासण्या मोजमापासाठी होत्या.

बाहुलीवर टॉर्च आळीपाळीने मारली तेव्हा डावी बाहुली किंचित सुस्त निघाली. म्हणजे दाब दोन्हीकडे सारखा नव्हता, डावी नस जास्त सोसत होती. दाब अगदी सारखा असेल तर ही खूण मिळत नाही, तेव्हा ती नसली म्हणून निर्धास्त होऊ नये.

आता फील्ड टेस्ट, जिच्या कागदाबद्दल तुम्ही विचारलंय. पांढऱ्या अर्धगोलात हनुवटी टेकवून बसायचं, एक डोळा झाकलेला, मधल्या दिव्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. मशीन प्रत्येक जागी ठिपका मंद करत जाते आणि तिथे किती मंद प्रकाश दिसतो त्याचा आकडा डेसिबलमध्ये लिहिते. निरोगी डोळ्यात मध्याजवळ हा आकडा ३० च्या आसपास असतो. ० म्हणजे फक्त मशीनचा सर्वांत प्रखर ठिपकाच दिसला; तोही दिसला नाही तर ० पेक्षा कमी असं छापलं जातं.

इथे एक शंका यायला हवी. माणूस धडकतो तो ६० अंशांच्या पलीकडची नजर गेल्यामुळे, आणि नेहमीची ही टेस्ट तर मधले २४ किंवा ३० अंशच तपासते. मग तिला कसं कळतं? त्याचं कारण पुन्हा फुलीतच आहे. कुठला तंतू ओलांडणार आणि कुठला नाही, हे पडद्याच्या मध्यबिंदूतून जाणाऱ्या उभ्या रेषेवर ठरतं. त्यामुळे फुलीतलं नुकसान कडेपासून आत येऊन कुठेतरी अर्धवट थांबत नाही, ते या उभ्या रेषेला भिडतं आणि तिथेच कापल्यासारखं थांबतं. ती कडा मधल्या ३० अंशांत दिसतेच.

काकांच्या उजव्या डोळ्याच्या कागदावर मधल्या उभ्या रेषेच्या डावीकडच्या ठिपक्यावर २८ होता आणि लगेच उजवीकडच्या ठिपक्यावर ७. या दोन ठिपक्यांत फक्त ६ अंशांचं अंतर असतं. वरच्या ओळींत प्रत्येक ठिकाणी असाच कडा कोसळला होता, खालच्या ओळींत फरक कमी होता, २९ आणि २२ असा. डाव्या डोळ्यात वरचा बाहेरचा कोपरा सगळा ० आणि खालचाही निम्मा गेलेला. राखाडी चित्र बघायला सोपं वाटतं, पण मी आकडे बघतो. मशीन मधल्या जागा अंदाजाने रंगवते, आणि त्यात उभी कडा पुसट होऊ शकते.

तुमच्याकडचे कागद स्वतः बघणार असाल तर ते नीट मांडा. डाव्या डोळ्याचा कागद डावीकडे, उजव्याचा उजवीकडे. काळा भाग दोन्ही कागदांत बाहेरच्या बाजूला आला तर तो कानाकडचा. कागद उलटे मांडले की काळं आतल्या बाजूला दिसतं आणि निष्कर्ष फिरतो. असं झालेलं मी डॉक्टरांच्या टेबलावरही पाहिलंय. खात्री करायची तर प्रत्येक डोळ्याचा नैसर्गिक आंधळा ठिपका शोधा. तो मध्यापासून साधारण १५ अंश कानाच्या बाजूला असतो.

काळे डाग काचबिंदूतही येतात, आणि गोंधळ सर्वांत जास्त तिथेच होतो. काकांना आधी एका ठिकाणी काचबिंदूचे थेंब सुरू केले होते. डोळ्यांचा दाब १५-१६, म्हणजे सर्वसामान्य, पण फील्ड खराब, तेव्हा ‘कमी दाबाचा काचबिंदू’ असं लिहिलेलं. काचबिंदूत नस डोळ्यातून बाहेर पडते तिथेच खराब होते. तिथे तंतू वरचे आणि खालचे असे विभागलेले असतात, म्हणून तिथले डाग आडव्या रेषेला धरून थांबतात आणि बहुतेकदा नाकाच्या बाजूने सुरू होतात. फुलीतले डाग उभ्या रेषेला धरून थांबतात आणि कानाच्या बाजूला असतात. दुसरी खूण नसेच्या रंगात आहे. काचबिंदूत नसेचा मधला खड्डा मोठा होतो पण उरलेल्या कडेचा रंग गुलाबी राहतो. खड्डा फारसा मोठा नाही आणि कडाच फिकट पडली आहे, असं दिसलं की काचबिंदूवर विश्वास ठेवू नये. काकांच्या नसेत खड्डा बेताचा होता आणि फिकटपणा नाकाच्या व कानाच्या बाजूंना आडव्या पट्ट्यासारखा. फुलीत ओलांडणारे तंतू नसेत मुख्यतः याच दोन बाजूंनी शिरतात, न ओलांडणारे वरून-खालून. म्हणून फिकटपणालाही आकार येतो. मात्र हे उशिरा दिसतं. दाब नवा असेल तर नस अगदी निरोगी दिसते, आणि ‘पडदा तपासला, नॉर्मल आहे’ या वाक्याने तेव्हा काहीच सिद्ध होत नाही.

ओसीटीमध्ये पडद्याच्या थरांची जाडी मोजतात. मध्यबिंदूभोवतीच्या पेशींचा थर दोन्ही डोळ्यांत फक्त नाकाकडच्या अर्ध्या भागात पातळ झालेला दिसला, आणि तोही उभ्या रेषेवर कापल्यासारखा, तर फील्ड टेस्टला दुजोरा मिळतो. ओसीटीत रुग्णाला बटण दाबायचं नसतं, म्हणून जे गोंधळतात किंवा डुलकी घेतात त्यांच्यासाठी ती कामाची.

फील्ड टेस्ट फसवते हेही खरं. पापणी खाली आलेली असेल तर वरचा भाग काळा येतो. चष्म्याची काच मशीनमध्ये नीट बसवली नाही तर कडेने काळी चकती येते. काहींच्या नसा जन्मतः तिरक्या असतात, त्यांना वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात डाग येतो, पण तो उभ्या रेषेवर न थांबता ओलांडून पुढे जातो. पहिल्याच वेळी टेस्ट देणारा माणूस थकला की कडांना सगळीकडे चुका करतो. कागदावर वरच्या कोपऱ्यात नजर किती वेळा हलली आणि ठिपका नसताना किती वेळा बटण दाबलं हे छापलेलं असतं. ते आधी वाचायचं. ते वाईट असेल तर टेस्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. पण उभी कडा दोन्ही डोळ्यांत स्पष्ट असेल तर पुन्हा करण्याच्या नादात एमआरआय लांबवू नये.

बाबांना क्षयाची औषधं चालू आहेत किंवा नुकती होती का? इथंब्युटॉल या औषधाचा नसांवर परिणाम झाला तर कधीकधी दोन्ही बाहेरच्या बाजूंचा असाच डाग येतो. त्यात मधली नजर आणि रंगांची जाण लवकर ढासळते, तक्त्यावर ६/६ राहणं अवघड. तरी डॉक्टरांना हे सांगाच.

एमआरआयच्या चिठ्ठीवर ‘पिट्युटरी’ किंवा ‘सेला’ आणि ‘कॉन्ट्रास्टसह’ असं लिहिलंय ना, बघा. डोक्याचा साधा सीटी स्कॅन स्वस्त पडतो म्हणून लोक तो करतात. त्यात या भागातली गाठ निसटू शकते, आणि ‘नॉर्मल’ लिहिलेला कागद हातात आला की पुढचे महिने वाया जातात. काकांच्या एमआरआयमध्ये २६ मिलिमीटरची गाठ निघाली, फुली तिच्यावर ताणून बसलेली, डावीकडे जास्त. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असली की तिला मॅक्रोअॅडिनोमा म्हणतात. या गाठी बहुतांशी कर्करोगाच्या नसतात. याच जागी दुसऱ्या प्रकारच्या गाठी किंवा रक्तवाहिनीचा फुगाही असू शकतो, म्हणून निव्वळ फील्डवरून ‘पिट्युटरीच’ असं कुणी ठामपणे लिहू नये.

गाठ निघालीच तर थेट ऑपरेशनची तारीख घेऊ नका. आधी रक्तात प्रोलॅक्टिन बघायचं, सोबत कॉर्टिसोल, थायरॉइड आणि बाकीची संप्रेरकं. प्रोलॅक्टिनच्या या एका आकड्यावर सगळं वळण घेतं. गाठ स्वतःच प्रोलॅक्टिन बनवणारी असेल तर आकडा शेकड्यांत किंवा हजारांत जातो, आणि अशी गाठ मोठी असली, नजर दाबत असली तरीही बहुधा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी आकसते. फील्ड काही दिवसांत ते आठवड्यांत सुधारायला लागते, चाकू लावावा लागत नाही. दुसऱ्या जातीची मोठी गाठ ग्रंथीचा देठ दाबते तेव्हाही प्रोलॅक्टिन वाढतं, पण माफक. काकांचं ५८ आलं. एवढ्या मोठ्या गाठीला हा आकडा फार कमी, म्हणजे गाठ प्रोलॅक्टिनची नाही. फक्त एक खाच आहे: प्रोलॅक्टिन अफाट वाढलेलं असेल तर काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत ते खोटं कमी येतं. गाठ मोठी आणि आकडा छोटा असं जमलं की नमुना पातळ करून पुन्हा तपासायला सांगायचं. काकांचा तसा तपासला, तरी ५८ च्या जवळपासच आला.

पुरुषांमध्ये या गाठी उशिरा सापडतात. बायकांची पाळी चुकते किंवा स्तनांतून दूध येतं, त्यामुळे त्या लवकर डॉक्टरकडे जातात. पुरुषाची लैंगिक इच्छा कमी होते, दाढी कमी वाढते, थकवा येतो, आणि तो हे वयावर ढकलतो. बाबांना हे विचारायला तुम्हाला संकोच वाटेल. आईला विचारायला सांगा, किंवा डॉक्टरांना एकट्याने बोलू द्या. अंगठी घट्ट होणं, चपलेचा नंबर वाढणं हेही विचारून ठेवा. त्यातून वाढीचं संप्रेरक जास्त आहे का, याचा अंदाज येतो.

काकांचं ऑपरेशन नाकातून दुर्बिणीने झालं. आता नजर परत येण्याबद्दल. दाब निघाल्यावर काहींना पहिल्या काही तासांत किंवा दुसऱ्याच दिवशी फरक जाणवतो. नुसते दबून गप्प झालेले तंतू तेव्हा पुन्हा काम करू लागतात. पुढची सुधारणा आठवड्यांत आणि महिन्यांत होते, मोठा वाटा पहिल्या ३ महिन्यांत, थोडा वर्षभर आणि कधी त्यानंतरही. जे तंतू मेलेत ते परत येत नाहीत. किती मेलेत याचा अंदाज ऑपरेशनआधीच्या ओसीटीवरून बांधता येतो: नसेभोवतीच्या तंतूंचा थर जवळपास शाबूत असेल तर फील्ड खूप खराब असूनही आशा चांगली, थर बराच पातळ झाला असेल तर कमी. म्हणून ऑपरेशनच्या आधी एक फील्ड आणि एक ओसीटी करून घ्याच, नंतर तुलना कशाशी करणार? काकांच्या उजव्या डोळ्याचं फील्ड ३ महिन्यांत जवळजवळ मोकळं झालं. डाव्याचा वरचा बाहेरचा कोपरा गेला तो गेलाच. ओसीटीनेही आधी तेच सुचवलं होतं. सुईत दोरा आता ओवतात.

एमआरआय होईपर्यंत बाबांना दुचाकी आणि चारचाकी चालवू देऊ नका. ६/६ नजरेवर त्यांना वाटेल की जमतंय. रस्ता ओलांडताना मान दोन्हीकडे पूर्ण वळवायला सांगा, कारण डोळे हलवून पुरणार नाही.

आणि एक गोष्ट थांबण्यासारखी नाही. अचानक भयंकर डोकेदुखी, उलट्या, नजर एकाएकी कमी होणं, पापणी पडणं किंवा दोन-दोन दिसणं, यांतलं काही झालं तर गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. त्यात शरीरातलं कॉर्टिसोल अचानक कमी पडतं आणि रक्तदाब घसरतो. तशा वेळी डोळ्यांच्या दवाखान्यात न येता न्यूरोसर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, आणि ‘पिट्युटरीच्या गाठीची शंका आहे, फील्ड टेस्टमध्ये दोन्ही बाहेरच्या बाजू गेल्या आहेत’ असं दारातच सांगा. फील्डचे दोन्ही कागद सोबत असू द्या.